नाव ठेवताना या चुका टाळा: भाषांतरित पुस्तकांची आणि चित्रपटांची शीर्षकं

भाषांतराचं हस्तलिखित येतं तेव्हा पहिल्या पानावर बहुतेक वेळा तीन नावं असतात. दोन खोडलेली आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. त्या तिन्हींकडे नुसतं पाहिलं तरी भाषांतरकार कुठे अडलाय ते कळतं. एक नाव शब्दाला शब्द ठेवून केलेलं असतं, दुसरं गोष्ट काय आहे ते सांगणारं आणि तिसरं कुठल्या तरी कवितेतून उचललेलं. तिन्ही वाटा चालतात. घोळ होतो तो कुठली वाट कशासाठी धरायची हे न ठरवल्यामुळे.

नाव आधी, पुस्तक नंतर

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. करार झाला की नाव ठरतं, जाहिरात जाते आणि मग भाषांतरकार दहाव्या प्रकरणाशी पोचतो तेव्हा तेच शब्द कुणाच्या तरी तोंडी सापडतात. मूळ शीर्षक पुस्तकात आतही उच्चारलं जात असेल, तर मुखपृष्ठावरचं नाव आणि आतलं वाक्य एकमेकांना धरून राहायला हवीत.

हार्पर ली यांच्या १९६० सालच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चं उदाहरण घेऊ. दहाव्या प्रकरणात वडील मुलांना सांगतात, ब्लू जे हवे तेवढे मारा, पण मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे. शेजारच्या मिस मॉडी त्याचं कारण सांगतात: हा पक्षी कुणाचं काही बिघडवत नाही, फक्त आपल्यासाठी गातो. पुढे तिसाव्या प्रकरणात, सगळं होऊन गेल्यावर, छोटी स्काउट एका माणसाबद्दल बोलताना तीच उपमा वापरते. म्हणजे नाव, दहावं प्रकरण आणि तिसावं प्रकरण असा एकच धागा आहे. तो कुठेही तुटला तर तिसाव्या प्रकरणातलं ते वाक्य वाचकाला कळत नाही.

आता वाटा तपासू. शब्दशः गेलं तर ‘मॉकिंगबर्डला मारणे’. मराठीत ‘-णे’ने संपणारं नाव शब्दकोशातल्या नोंदीसारखं किंवा सरकारी सूचनेसारखं वाटतं. ‘येथे थुंकणे मनाई आहे’ची आठवण व्हावी असं. मग पक्षीच बदलायचा? इतर पक्ष्यांच्या नकला करणारा हा पक्षी अमेरिकेतला, आपल्याकडे नाही. गोड गाणारा म्हणून दयाळ घेता येईल, पण अलाबामाच्या अंगणात दयाळ बसला की वाचक चमकतो. नकला करणारा म्हणून भृंगराज घ्यावा, तर पुण्यात दहातल्या नऊ जणांच्या डोळ्यांपुढे केसांच्या तेलाची बाटली येईल. गोष्टीचं सार सांगायचं म्हणून ‘निरपराध’ म्हणावं, तर पुस्तकाने सावकाश उलगडलेलं सगळं पहिल्याच पानावर सांगून टाकल्यासारखं होतं, आणि पक्षीही गेला.

उरतं ‘गाणारं पाखरू’सारखं काहीतरी. आत लावून पाहा: ‘गाणाऱ्या पाखराला मारणं पाप आहे’. चालतं. तिसाव्या प्रकरणातही चालतं. पण दहाव्यात त्याच दमात ब्लू जेचा उल्लेख आहे आणि तोही पाखरूच. त्यामुळे नुसतं ‘पाखरू’ म्हणून भागणार नाही, ‘गाणारं’ हे विशेषण दर वेळी सोबत न्यावं लागेल. एवढी चाचणी झाल्यावरही माझं मत विचाराल तर या पुस्तकाला मी मूळ नावच देवनागरीत ठेवीन. घ्यायला येणारा माणूस ते नाव ऐकूनच आलेला असतो. आतमध्ये मात्र पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्या पक्ष्याचं गाणं वाचकाला ऐकू येईल अशी सोय करायला हवी, तीही तळटीप न देता. हेच पुस्तक कुणालाच ठाऊक नसतं, तर मी ‘गाणारं पाखरू’कडे झुकलो असतो.

म्हणून कामाची रीत अशी: मूळ शीर्षकातले शब्द मजकुरात कुठे कुठे येतात ती पानं आधी शोधून खुणा करून ठेवायच्या, आणि नाव सुचलं की त्या प्रत्येक जागी लावून वाचायचं. एका जागी जरी अडलं, तरी नाव बदलायचं किंवा ते वाक्य पुन्हा घडवायचं.

‘आणि’च्या दोन बाजूंना दोन शब्द

हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं ‘म्हातारा आणि समुद्र’ हे भाषांतर चुकीचं म्हणता येणार नाही. तरी ते नाव कानाला लागत नाही, धड्याच्या मथळ्यासारखं वाटतं. पु. ल. देशपांडे यांनी नाव दिलं ‘एका कोळियाने’. जुन्या क्रमिक पुस्तकातली ‘एका कोळियाने एकदा आपुले, जाळे बांधियेले उंच जागी’ ही कविता ज्यांनी म्हटली आहे, त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. कवितेतला कोळी जाळं विणणारा आहे, पुन्हा पुन्हा पडून पुन्हा वर चढणारा. कादंबरीतला कोळी मासेमार, चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला आणि पंच्याऐंशीव्या दिवशी पुन्हा होडी काढणारा. चिकाटी दोघांचीही. शिवाय ते नाव अर्ध्यावर सोडलेलं वाक्य आहे. एका कोळियाने काय केलं, हे कळायला पुस्तक उघडावं लागतं.

यात गेलं काय, तेही पाहायला हवं. म्हातारपण नावातून गेलं, समुद्र गेला. ते दोन्ही पहिल्याच पानापासून मजकुरात आहेत, म्हणून परवडलं. आणि ही कविता शाळेत न म्हटलेल्या आजच्या वाचकाला त्यातला दुसरा कोळी दिसणारच नाही. कवितेच्या ओळीतून नाव उचलण्याचा धोका हाच. ओळ विसरली गेली तरी नाव आपल्या पायावर उभं राहतं का, एवढं पाहून घ्यावं. ‘एका कोळियाने’ राहतं.

याची नक्कल करताना मात्र लोक फसतात. गोष्ट परदेशात, माणसं परदेशी, आणि नाव थेट अभंगातलं. ओळीचा गोष्टीशी सांधा नसेल तर ते नाव भाषांतरकाराचं वाचन दाखवतं, पुस्तक दाखवत नाही.

घटना सांगणारं वर्णन

वर्णनात्मक नाव म्हणजे कथासार नव्हे. देवलांनी मोलिएरच्या कथानकावरून बेतलेलं नाटक आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने आलं. १९१६ साली त्याचंच संगीत नाटक झालं ते ‘संशयकल्लोळ’. पहिल्या नावात एक माणूस आहे आणि एक वस्तू, म्हणजे घोटाळा कशाचा हे आधीच सांगून टाकलेलं. दुसऱ्यात तसबीर नाही, फाल्गुनराव नाही, फक्त संशय आणि त्याचा गदारोळ. नवरा-बायको, नायक-नायिका, सगळेच त्यात बसतात. आज ‘नुसता संशयकल्लोळ चाललाय’ असं घराघरांत म्हटलं जातं, ‘तसबिरीचा घोटाळा’ कुणी म्हणत नाही.

वर्णनात्मक नाव सुचलं की स्वतःला विचारा: हे नाव घडलेल्या गोष्टीचं आहे, की त्या गोष्टीने माजवलेल्या खळबळीचं? पहिलं असेल तर शेवट फुटण्याचा धोका असतो. रहस्यकथेत तर हमखास.

ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

हिंदी किंवा कन्नडमधून येणाऱ्या पुस्तकांत संस्कृत शब्द दिसला की तो तसाच ठेवायचा मोह होतो. भैरप्पांचं ‘पर्व’ मराठीत ‘पर्व’च राहिलं आणि ते योग्यच झालं, कारण महाभारताचा संदर्भ दोन्हीकडे एकच. पण हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे छडी. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई, आपल्याकडे संधी. भैरप्पांच्याच ‘दाटु’चा अर्थ ओलांडणे, पण तो शब्द मराठीत नाही. उमा कुलकर्णी यांच्या भाषांतराचं नाव ‘जा ओलांडुनी’ आहे. शब्दार्थाने ते जवळचंच, पण नुसतं ‘ओलांडणे’ असतं तर पुन्हा तीच सरकारी सूचना झाली असती. क्रियापद आज्ञेत आलं आणि नावात जीव आला. शब्दशः भाषांतर अडतं तेव्हा शब्द बदलण्याआधी त्याचं रूप बदलून पाहावं. ‘अग्निपंख’मध्येही तेच: ‘आगीचे पंख’ म्हटलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, समासाने नाव झालं.

याची उलट बाजूही आहे. शब्दाला अर्थ आहे म्हणून तो भाषांतरित केलाच पाहिजे असं नाही. ‘पॅपिलॉन’ म्हणजे फुलपाखरू खरं, पण पुस्तकात ते छातीवर फुलपाखरू गोंदवलेल्या कैद्याचं टोपणनाव आहे. ‘फुलपाखरू’ हे नाव दिलं असतं तर पुस्तक बालविभागात गेलं असतं.

चित्रपटाला वेगळा हिशेब

चित्रपटाचं नाव भिंतीवर, तिकिटावर आणि गर्दीत बोलताना चालावं लागतं. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा, आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘सुबह’. गोष्ट एकच, घराबाहेर पडणाऱ्या बाईची. कादंबरीच्या नावात घर नसणं आहे, मराठी चित्रपटाच्या नावात ओलांडायची रेघ आणि हिंदीत ओलांडल्यानंतरची वेळ. ‘दहलीज’ हा शब्द हिंदीत हाताशी असूनही. त्यामुळे कादंबरीवरून चित्रपट करताना किंवा चित्रपटावरून पुस्तक काढताना जुनं नाव आपोआप पुढे ओढू नये.

मूळ नाव ठेवलंत तर

देवनागरीत मूळ नाव ठेवणं सोपं वाटतं, तिथेच बारीक चुका होतात. ‘द’ लावला की ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक द-च्या ढिगाऱ्यात जातं. वाचक ‘द’ म्हणत नाही, म्हणून शक्य तिथे तो काढा. दुसरं, ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर कधी एकसंध टाइप होतं, कधी ‘अ’वर चंद्र देऊन आणि कधी ‘ऍ’ असं. डोळ्याला पहिली दोन सारखीच दिसतात, पण शोधताना ती वेगवेगळी धरली जाण्याची शक्यता असते. मुखपृष्ठ, दुकानाची यादी आणि प्रकाशकाची यादी या तिन्ही ठिकाणी एकच रूप आहे ना, हे मुद्रितशोधनाच्या वेळीच पाहून घ्यावं.

आणि नाव आधी कुणी वापरलंय का? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉईज’ प्रकरणात म्हटलंय की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. म्हणजे कायद्याची भीती कमी, गोंधळाची तेवढीच. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या एखाद्या दुकानात गर्दीच्या वेळी जाऊन आपलं नाव मोठ्याने विचारून पाहा. काउंटरवरच्या माणसाने ‘कुणाचं?’ असं उलट विचारलं तर त्या नावाचं आणखी एखादं पुस्तक आहे असं समजा. ‘काय?’ म्हणाला तर उच्चारातच अडचण आहे.

नवीन नाव दिलंच, तर मूळ नाव आतल्या हक्कपानावर हवंच, शिवाय मागच्या पानावरच्या मजकुरातही पहिल्या दोन ओळींत हवं. मूळ नाव ऐकून आलेला वाचक पुस्तक उलटं करून तिथेच पाहतो.