फोटोतल्या मोबाइलवरचं शीर्षक बदलण्याआधी

काम साधं असतं. हातात धरलेल्या मोबाइलचा फोटो आहे, ॲपमध्ये ‘बाजारभाव’ दिसतंय आणि माहितीपत्रकासाठी तिथे ‘आजचे भाव’ हवंय. (पैसे भरल्याच्या पावत्यांचे आकडे बदलून मागणारेही भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणावं.)

आधी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत बारीक पोत आधीच पुसला गेलेला असतो. नवी अक्षरं हाताने टाइप करत बसू नका. ॲपवाल्यांकडून त्याच मोबाइलवरचा नव्या शीर्षकाचा खरा स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे फॉन्ट, आकार, जोडाक्षरं यांची चिंताच मिटते.

फोटोशॉपमध्ये तो स्मार्ट ऑब्जेक्ट करून डिस्टॉर्टने चार कोपऱ्यांवर बसवा. मोबाइलचे कोपरे गोल असतात, म्हणून स्क्रीनच्या सरळ कडांवरून गाइडच्या रेषा पुढे वाढवा. त्या जिथे छेदतात तो खरा कोपरा. बरोबर बसलंय का, हे शिरोरेषा सांगते: ती शेजारच्या जुन्या ओळींच्या शिरोरेषांसारखीच कललेली दिसली पाहिजे.

खरी मेहनत पुढे आहे. मॉयरे, म्हणजे ते रंगीत लहरी पट्टे, स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्याने उमटतात. ते स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडात असतात, काळ्या अक्षरात जवळजवळ नसतात. म्हणून जुनं शीर्षक पुसताना शेजारचा कोरा भाग पट्ट्यांच्या वळणाला जुळवून क्लोन करा, आणि स्क्रीनशॉटमधलं फक्त शीर्षक मास्कने ठेवून तो थर मल्टिप्लायमध्ये टाका. पांढरा भाग नाहीसा होतो आणि पट्टे अक्षरांमागून अखंड जातात. डार्क मोड असेल तर मात्र हा हिशेब उलटा.

चकाकीचं तसं नाही. ती काचेवरून येते आणि अक्षरांवरही उजेड चढवते. ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाखालचं जुनं काळं अक्षर आयड्रॉपरने तपासलंत तर ते चांगलंच राखाडी निघेल. मल्टिप्लायमधलं नवं अक्षर तिथे कोळशासारखं काळं राहतं, आणि बनाव नेमका तिथे उघडा पडतो. तेव्हा पुसण्याआधीच त्या राखाडीचे दोन-तीन नमुने टिपून ठेवा. वर स्क्रीन मोडचा थर घेऊन, अक्षरांपुरता मास्क लावून, मऊ ब्रशने तेच रंग भरा.

मग शेजारच्या अक्षरांच्या कडेइतकाच गॉशियन ब्लर द्या. मोबाइल तिरका असेल तर लांबच्या टोकाला थोडा जास्त. शेवटी फोटोतल्यासारखा नॉइज.

तपासणी १०० टक्के झूमवरच करा. लहान करून पाहिलं की झूममुळेच वेगळा मॉयरे दिसतो आणि नसलेली चूक दुरुस्त करत बसावं लागतं. त्याच कारणाने, माहितीपत्रकात फोटो ज्या मापात जाणार त्या मापाची प्रत काढून ती पुन्हा एकदा पाहा.