रात्री दोनला झोप, सकाळी सातला कॉलेज: गोळी देण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडवर राहणारा अकरावीतला मुलगा आईबाबांबरोबर माझ्याकडे आला होता. कॉलेज 7 वाजून 10 मिनिटांचं, बस 6:20 ची. आईचं पहिलंच वाक्य: "डॉक्टर, हा मुद्दाम जागतो हो." बाबांनी खिशातून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक 10 मिलिग्रॅम मेलाटोनिनची बाटली, दुसरी अर्धवट वापरलेली अल्प्राझोलामची स्ट्रिप. स्ट्रिप आजीची होती.

मी आधी दोन आठवड्यांची झोपेची नोंद मागितली. साध्या वहीत रोज एक ओळ: किती वाजता आडवा झालो, किती वाजता झोप लागली असावी, किती वाजता उठलो, कुणी उठवलं. यात रविवार आणि सुट्ट्या हव्याच. बहुतेक घरांत नेमके तेच दिवस सोडले जातात, आणि निदान तिथेच दडलेलं असतं. या मुलाला रोज सव्वादोनच्या सुमारास झोप लागायची आणि सहाला आई हलवून उठवायची. रविवारी मात्र तो अडीचला झोपून साडेअकराला उठला होता, तोही आपणहून, ताजातवाना. नऊ तास सलग, मध्ये एकदाही जाग नाही.

म्हणजे झोप बिघडलेली नव्हती, तिची वेळ सरकलेली होती. खऱ्या निद्रानाशात सुट्टीच्या दिवशीही झोप तुटकच लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ तसंही थोडं पुढे, म्हणजे उशिराकडे सरकतं, काहींचं फारच. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या वर्गांना सकाळी नऊच्या आधी शाळा भरवू नका असं सांगितलं. ज्यांचं घड्याळ सगळ्यात उशिरा चालतं, ती दहावी-अकरावीची मुलं त्यात नाहीत.

दहा वाजता दिवा बंद

झोप लागण्याच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मेंदू सगळ्यात जास्त टक्क जागा असतो. सव्वादोनला झोपणाऱ्याला दहाला अंथरुणात घातलं की तो चार तास छताकडे बघतो. आठवडाभर असं झालं की "मला झोपच येत नाही" ही धास्ती बसते, आणि मग दोन दुखणी होतात. अंथरुणाची वेळ आधी आणून काही होत नाही. आधी घड्याळ मागे आणायचं, अंथरूण त्याच्या मागून येतं.

झोपेची गोळी

आजीच्या गोळीने मुलगा साडेबाराला झोपला, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन तासिकांना पेंगत होता. तिसऱ्या रात्री गोळी घेतली नाही, तर पुन्हा सव्वादोन. यात नवल काही नाही. अशी गोळी गुंगी आणते, घड्याळाला हात लावत नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळूच नयेत, पण आजीचा डबा चिठ्ठी मागत नाही. सवय लागण्याचा धोका वेगळा, सकाळची सुस्ती वेगळी. सर्दीच्या गोळीने "बरं झोपवते" म्हणून रोज झोपवणं हाही याच जातीचा उपाय. मानसोपचारतज्ज्ञ एखाद्या वेगळ्या आजारासाठी थोडे दिवस शामक देतात, पण ते उशिरा सरकलेल्या झोपेसाठी नसतं.

मेलाटोनिन, पण रात्री साडेअकराला आणि 10 मिलिग्रॅम

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा सविस्तर.

मेलाटोनिन आपल्या मेंदूत अंधार पडल्यावर तयार होतं आणि शरीराला सांगतं की रात्र झाली. झोप लागण्याच्या साधारण दोन तास आधी ते चढू लागतं. या मुलात म्हणजे रात्री बाराच्या आसपास. साडेअकराला गोळी दिली तर जी हाक शरीर अर्ध्या तासात स्वतःच देणार आहे, तीच आपण पुन्हा देतो. घड्याळ मागे येण्यासाठी ही हाक स्वतःच्या मेलाटोनिनच्या काही तास आधी पोचावी लागते, म्हणजे नेहमीच्या झोपेच्या साधारण सहा तास आधी. याच्या बाबतीत रात्री आठला.

डोस मी अर्धा मिलिग्रॅम ठेवला. बाबांना वाटलं मी चिंगूसपणा करतोय. पण इथे काम गुंगीचं नाही, वेळेच्या इशाऱ्याचं आहे, आणि त्याला इतकं पुरतं. मोठ्या डोसचा काही भाग पहाटेपर्यंत रक्तात रेंगाळतो, आणि पहाटे-सकाळी अंगात असलेलं मेलाटोनिन घड्याळ उलट पुढे ढकलतं. हळूहळू विरघळणारी गोळी म्हणूनच नको, आणि ती मोडून तर अजिबात नको. लेबलवरचा आकडाही नेहमी खरा नसतो: कॅनडात 2017 मध्ये 31 पूरक उत्पादनं तपासली तेव्हा काहींत लिहिल्यापेक्षा कितीतरी कमी, तर काहींत कित्येक पट जास्त मेलाटोनिन सापडलं. गोड गमीज बघून मला म्हणून धडकी भरते.

आठला हा क्लासमध्ये असायचा. त्याच्या आईने छोट्या डबीत दिवसाचा डोस द्यायला सुरुवात केली, मधल्या सुट्टीत घ्यायचा. इतक्या कमी डोसने सहसा पेंग येत नाही, तरी पहिले तीन-चार दिवस क्लासवरून सायकलने येऊ नको असं सांगितलं.

पहाटे गच्चीवर

"सहाला उठवून उन्हात उभा करते," असं आई अभिमानाने म्हणाली. हेतू चांगला, वेळ उलटी. शरीराचं तापमान सगळ्यात खाली येतं तो क्षण आपोआप जाग येण्याच्या दोन-तीन तास आधीचा. त्यानंतरचा उजेड घड्याळ मागे आणतो, त्याआधीचा उजेड पुढे ढकलतो. हा मुलगा साडेअकराला उठणारा, म्हणजे त्याचा तो क्षण साडेआठ-नऊचा. सव्वासहाचा उजेड त्याच्या शरीराला संध्याकाळसारखाच.

म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहिली. पहिल्या दिवशी उठणं साडेदहाला, लगेच बाल्कनीत अर्धा तास, चहा तिथेच. दर दोन दिवसांनी अर्धा तास लवकर. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला आईने साडेपाचला उठवलंच, तेवढं मी सोडून दिलं. रात्री नऊनंतर खोलीतली ट्यूब बंद, फक्त पिवळा दिवा. झोप जसजशी लवकर यायला लागली, तसतशी डबी आठवरून साडेसात आणि मग सातवर आणली.

पाच आठवड्यांनी नोंद: झोप पावणेबाराला, रविवारी जाग नऊला. दहाला झोपणारा मुलगा काही झाला नाही, होणारही नव्हता. सहाचा गजर अजून जड जातो, पण पहिल्या तासिकेला तो जागा असतो. नंतर मेलाटोनिन हळूहळू बंद केलं, कारण वाढत्या वयात वर्षानुवर्षं घेण्याचे परिणाम अजून पुरेसे अभ्यासलेले नाहीत.

वहीत काही वेगळं दिसलं तर हा मार्ग धरू नका. घोरणं, मध्ये श्वास अडकणं, पायात रात्री वळवळ, किंवा नऊ तास झोपूनही उदासी आणि कशातच मन न लागणं, यांची तपासणी वेगळी. मूल फ्लुव्होक्सामिन घेत असेल तर मेलाटोनिनची रक्तातली पातळी खूप चढते. फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

जानेवारीत मामेभावाच्या लग्नानंतर त्याचे तीन दिवस बाराला उठण्यात गेले आणि झोप पुन्हा दीडवर गेली. या वेळी तो एकटाच आला, वही काखेत. हिशेब त्यानेच केला होता: दीड वजा सहा, साडेसात.