स्प्रिंगला जोडलेला घरंगळणारा दंडगोल: दोलनकाल काढताना या चुका टाळा

भरीव दंडगोलाच्या आसाला आडवी स्प्रिंग जोडली आहे, स्प्रिंगचे दुसरे टोक भिंतीत पक्के आहे आणि दंडगोल न घसरता मागेपुढे घरंगळतो आहे. दोलनकाल विचारला की बरेच जण सरळ T = 2π√(M/k) लिहून मोकळे होतात. ते सूत्र गुळगुळीत पृष्ठभागावर सरकणाऱ्या ठोकळ्याचे आहे. इथे स्प्रिंगला दंडगोल नुसता हलवायचा नसतो, फिरवायचाही असतो. त्यामुळे दोलन संथ होते.

दंडगोल २ किलोचा आणि k = ४८ न्यूटन प्रति मीटर घेऊ. ठोकळ्याच्या सूत्राने १.२८ सेकंद येतात, खरे उत्तर १.५७ सेकंद आहे.

सर्वात जास्त घोटाळा घर्षणाच्या दिशेत होतो. "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध" हे डोक्यात इतके पक्के बसलेले असते की दिशा तपासलीच जात नाही. दंडगोल उजवीकडे x अंतर नेऊन सोडा. स्प्रिंग आसाला डावीकडे ओढते. डावीकडे घरंगळायचे तर दंडगोलाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायला हवे. स्प्रिंगचे बल आसातूनच जाते, म्हणून ते आसाभोवती काहीच फिरवू शकत नाही. ते काम जमिनीजवळचे घर्षण करते आणि त्यासाठी ते उजवीकडेच हवे. उजवी दिशा धन धरून समीकरणे अशी:

```
-kx + f = Ma
-fR = (1/2)MR²·(a/R)
```

दुसऱ्यातून f = -Ma/2. ते पहिल्यात घातले की a = -(2k/3M)x, म्हणून T = 2π√(3M/2k). त्रिज्या आपोआप उडते. उत्तरात R उरला असेल तर मागे जाऊन चूक शोधा. f ऐवजी थेट μMg घालणे हीसुद्धा चूकच. हे स्थितिक घर्षण आहे, त्याचे मूल्य kx/3 येते आणि x बरोबर बदलते. μMg ही फक्त त्याची कमाल मर्यादा. μ = ०.१ असेल तर वरच्या दंडगोलाचा आयाम सुमारे १२ सेंटिमीटरपर्यंतच चालेल. त्यापुढे ताणून सोडला तर तो घसरेल आणि हे सूत्र लागू पडणार नाही.

घर्षण आहे म्हणून ऊर्जा कमी होत जाईल, असेही समजू नका. स्पर्शबिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे या घर्षणाचे कार्य शून्य. पडताळा पाहा: आयाम १० सेंटिमीटर असेल तर स्प्रिंगमध्ये ०.२४ ज्यूल साठतात. मध्यावर वेग ०.४ मीटर प्रति सेकंद असतो. तिथे सरळ गतीचे ०.१६ आणि फिरण्याचे ०.०८ ज्यूल. बेरीज जुळते.

दोन्हीकडे ω हेच अक्षर वापरल्यानेही गल्लत होते. दोलनाचा ω इथे कायम ४ रेडियन प्रति सेकंद आहे. दंडगोलाचा कोनीय वेग मात्र v/R, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा; R = ५ सेंटिमीटर असल्यास मध्यावर तो ८ होतो.

शेवटी आकृती नीट पाहा. स्प्रिंग आसाऐवजी माथ्यावरच्या बिंदूला जोडली असेल तर केंद्र x सरकल्यावर स्प्रिंग 2x ताणली जाते. मग लहान दोलनांसाठी T = 2π√(3M/8k), म्हणजे वेळ बरोबर निम्मा.