सिमिलॅरिटी ३१ टक्के आली? या चुका टाळा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की कोल्हापुरातल्या कॉलेजांत एकच प्रश्न फिरतो, 'तुझे किती टक्के आले?' हे टक्के म्हणजे सिमिलॅरिटी: प्रोजेक्टमधला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो, याचा नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने काढलेला आकडा. त्याचा रिपोर्ट उघडून जुळलेली म्हणून कुठली ओळ रंगली आहे, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. पहिली चूक तीच.

दुसरी चूक म्हणजे शब्द बदलून आकडा उतरवायला बसणं. हे वाक्य घ्या: 'शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.' यात १३ शब्द आहेत. तपासणीची एक रूढ पद्धत अशी, की सॉफ्टवेअर सलग पाच-पाच शब्दांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडतं. इथे असे ९ तुकडे पडतात. प्रत्येकाचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि साठवलेल्या वेबसाइट, जर्नल, जुने प्रबंध यांच्या आकड्यांशी तो ताडला जातो. आता 'नोकऱ्यांत'च्या जागी 'सेवेत' लिहा. तो शब्द असलेले ५ तुकडे जुळेनासे होतात, पण दोन्ही बाजूंचे ४ तसेच राहतात. मधला एक शब्द सोडून वाक्य रंगलेलंच दिसतं, आणि ते बघणाऱ्या सरांना शब्द मुद्दाम फिरवलाय हे लगेच कळतं.

सगळं वाक्य उलटंपालटं केलं तर टक्का शून्यावर येईलही. पण माहिती पुस्तकातलीच राहिली, त्यामुळे संदर्भ द्यावाच लागतो. शून्य टक्के असलेला निबंधही उचललेला असू शकतो.

अवतरणांचं नेमकं उलट होतं. समजा, १५०० शब्दांच्या निबंधात ३०० शब्द शाहू महाराजांच्या जाहीरनाम्यातले, अवतरणचिन्हांत, तळटीपेसह आहेत. संदर्भसूचीचे १२० शब्द जुळले आणि इतरत्र ४५. बेरीज ४६५, म्हणजे ३१ टक्के. अवतरणं आणि सूची वगळायचे पर्याय चालू केले की उरतात ते ४५ शब्द, जेमतेम ३-४ टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतही संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि सूची मोजणीतून वगळायला सांगितलंय. त्यानंतर १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही.

तरीही अवतरण रंगलेलंच राहिलं, तर चिन्हं तपासा. एकेरी चिन्हं किंवा नुसता आत सरकवलेला परिच्छेद पुष्कळदा अवतरण म्हणून ओळखला जात नाही. एका बाजूचं चिन्ह टाइप करताना सुटलं असेल, तरी तोच घोळ.

मराठी प्रोजेक्टचा टक्का संशयास्पद कमी आला, तर फाइल जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहे का बघा. तिथे पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो आणि सॉफ्टवेअर तोच वाचतं. युनिकोडमध्ये बदलून पुन्हा तपासा.

आणि ९८ टक्के आले म्हणून हबकू नका. आधीचा कच्चा मसुदा सॉफ्टवेअरच्या साठवणीत गेला असेल, तर दुसऱ्या खेपेला तुमचाच निबंध तुमच्याशी जुळतो. स्रोताच्या यादीत वर कुणाचं नाव आहे ते पाहा, आणि मार्गदर्शकांना तो स्रोत वगळून रिपोर्ट काढायला सांगा.