चिनी घोषवाक्य करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओळ नुसती डोळ्यांनी तपासणं. चिनीत एकाच उच्चाराची ढीगभर अक्षरं असतात. कागदावर ती वेगळी दिसतात, कानाला सारखीच लागतात.

माझाच एक घोळ सांगतो. टेबलावरच्या घड्याळांची एक कंपनी होती, जाहिरात नववर्षाची. इंग्रजी ओळीचा मथितार्थ 'वेळ भेट द्या'. आमच्याकडच्या नव्या मुलाने तासाभरात काम हातावेगळं केलं. भेट देणे म्हणजे 'सुंग', टेबलावरचं घड्याळ म्हणजे 'चुंग'. व्याकरण चोख, म्हणून मीही मान डोलावली. मग शांघायच्या एका ताईंना फोनवर वाचून दाखवलं, तर पलीकडे आधी शांतता आणि नंतर हसू. 'सुंग चुंग' असाच, चिनीत अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउतारासकट, म्हणजे सुरांसकट तंतोतंत, दुसरा शब्द आहे: वडीलधाऱ्यांच्या शेवटच्या घटकेला जवळ राहणं, त्यांचं अंत्यकर्म करणं. म्हणून तिथे घड्याळ भेट देणं अशुभ. आम्ही ऐन सणात तेच सुचवत होतो!

इथे शब्द बदलून भागत नाही. भेटीची कल्पनाच सोडली आणि 'काळ तुझ्या सोबतीने चालतो' या अर्थाची ओळ घेतली. (मराठीत हीच ओळ अंगावर काटा आणेल, पण चिनीत ती प्रेमळ वाटते.) माल मनगटी घड्याळाचा असता तर एवढी अडचण नव्हती, त्याला 'प्याव' म्हणतात.

तेव्हापासून माझी सवय अशी: ओळ संगणकावर रोमन अक्षरांत, सुरांच्या खुणांशिवाय टाइप करायची. `songzhong` लिहिलं की सुचवलेल्या शब्दांतच तो दुसरा अर्थ समोर येतो. मग कागद न दाखवता दोघातिघांना फोनवर ऐकवून 'काय ऐकलंत ते लिहा' म्हणायचं. 'कसं वाटलं?' असं विचारू नका, लोक भिडेखातर छानच म्हणतात.

दुसरी चूक, मँडरिन या प्रमाण चिनीत तपासून हाँगकाँगला पाठवणं. तिथली कँटोनीज कानाला वेगळीच भाषा आहे. हाँगकाँगच्या 'गोल्डलायन' टाय कंपनीचं आधीचं नाव होतं 'सोनेरी सिंह'. पण कँटोनीजमधला सिंहाचा 'सी' 'हार होणे' या अर्थाच्या शब्दाच्या फार जवळ जातो. मग 'गोल्ड'चा अर्थ ठेवला, 'लायन'चा फक्त आवाज घेतला आणि नाव झालं 'गाम लेय लोय': सोनं, नफा, येणं. अशा तोडग्याला वेळ द्यावा लागतो, 'संध्याकाळपर्यंत द्या' म्हणणाऱ्यांना तो मिळत नाही.

आणि 'चार'चा बाऊ नको. तो 'मृत्यू'सारखा ऐकू येतो खरा, पण सूर वेगळा आहे, शिवाय शेजारचे शब्दही लक्षात घ्यायचे असतात. फोर सीझन्स हॉटेलचं चिनी नाव 'चार ऋतू' असंच आहे. नवखे मात्र दिसेल तो चार खोडतात आणि 'सुंग चुंग' तसंच पुढे जाऊ देतात.