लोकलमध्ये लांबलचक आरपीजी: फोन की हँडहेल्ड? या चुका टाळा

हँडहेल्ड घ्यायचा विचार सुरू झाला की बहुतेक जण आधी यूट्यूबवर कुठल्या मशीनवर किती फ्रेम्स मिळतात ते बघतात. घरी सोफ्यावर बसून खेळणार असाल तर ते बरोबर आहे. ठाण्याहून किंवा वाशी-नेरूळहून रोज लोकलने जाणाऱ्याला मात्र आधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो: खेळ मध्येच बंद करावा लागला तर काय होतं? चाळीस-पन्नास तासांचा आरपीजी तुम्ही पाव-पाव तासाच्या तुकड्यांत खेळणार, आणि तुकडा कुठे तुटेल ते गाडी ठरवणार. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चूक पहिली: फोनवर खेळ ‘मिनिमाइझ’ केला म्हणजे तो तिथेच थांबला, असं समजणं

माझ्या मावसभावाचं उदाहरण घेतो. तो ठाण्यात राहतो, ऑफिस घणसोलीला. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे थोडं लवकर गेलं की बसायला मिळतं. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. पाव तासाच्या आसपास प्रवास. पुढे रिक्षा, मग ऑफिसच्या लिफ्टची रांग. म्हणजे दहा-पंधरा मिनिटं खेळायचं, मध्ये खंड, परत पाच-दहा मिनिटं.

त्याच्या फोनमध्ये सहा जीबी रॅम आणि त्यावर मोठा थ्रीडी आरपीजी. रबाळे गेलं की तो खेळ तसाच ठेवून फोन खिशात टाकायचा. रिक्षातून उतरताना यूपीआयने पैसे द्यायचा आणि लिफ्टच्या रांगेत खेळ पुन्हा उघडायचा. समोर यायचा कंपनीचा लोगो आणि सुरुवातीचा मेनू. अर्ध्या गुहेतली लढाई गायब. त्याचं म्हणणं एकच, “गेम बोगस आहे रे, सारखा क्रॅश होतो.”

गेम क्रॅश होत नव्हता. असा खेळ दोन-तीन जीबी रॅम सहज व्यापतो. पैसे देताना क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडतो, आणि कॅमेऱ्याला एकदम बरीच मेमरी लागते. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप्स बंद करतो, आणि त्यात सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला खेळ बहुधा आधी जातो. आयफोनही हेच करतो. त्याबद्दल सूचना येत नाही की ‘सेव्ह करू का?’ असा प्रश्नही येत नाही.

ओळखायचं कसं? ॲप परत उघडल्यावर खेळ जिथे होता तिथेच दिसला तर तो रॅममध्ये टिकला होता. लोगोपासून सुरुवात झाली तर सिस्टिमने तो बंद केला होता. खरा क्रॅश सहसा खेळत असताना, डोळ्यांसमोर होतो.

ही परीक्षा घरीच घ्या. खेळात एखाद्या गुहेत शिरा, मग कॅमेरा उघडून दोन-तीन फोटो काढा, यूपीआय ॲप उघडा, थोडं ब्राउझरमध्ये फिरा आणि पाचेक मिनिटांनी परत या. दोन-तीनदा करून बघा. दर वेळी लोगो दिसला, तर त्या फोनवर तो खेळ प्रवासासाठी बाद समजा.

थोडी मलमपट्टी करता येते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन `Unrestricted` निवडा. बऱ्याच कंपन्यांच्या फोनवर अलीकडच्या ॲप्सच्या यादीत खेळाचं कार्ड दाबून धरलं की त्याला कुलूप लावता येतं. पण रॅमच अपुरी असेल तर याचा उपयोग मर्यादित.

खरा इलाज वेगळा आहे: सेव्ह कुठे करता येतं ते बघून खेळ निवडणं. काही आरपीजी ठरावीक ठिकाणीच सेव्ह करू देतात. ती जागा अर्ध्या तासावर असेल आणि तुमचा प्रवास पाव तासाचा असेल, तर खेळ कितीही सुंदर असो, तुम्ही तीच गुहा आठवडाभर पुन्हा पुन्हा खेळाल. याउलट, ‘फायनल फॅन्टसी’च्या पहिल्या सहा भागांच्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्या फोनवर आहेत. त्यांत लढाई सोडून कुठेही मेनूतून क्विक सेव्ह करता येतं, आणि मजला किंवा प्रदेश बदलला की आपोआपही सेव्ह होतं. भावाने यातलाच एक भाग घेतला. रबाळे सोडलं की नवी लढाई सुरू करायची नाही, मेनू उघडून क्विक सेव्ह, मग फोन खिशात. फोन तोच आणि प्रवास तोच, पण तक्रार थांबली.

चूक दुसरी: हँडहेल्डची झोप म्हणजे सेव्ह, असं धरून चालणं

हँडहेल्डचा मोठा फायदा नेमका इथेच आहे. निन्टेंडो स्विच किंवा स्टीम डेकवर पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबलं की खेळ लढाईच्या मधोमध गोठतो, आणि परत दाबलं की तिथूनच सुरू होतो. क्यूआर स्कॅनिंग दुसऱ्याच उपकरणावर होत असल्यामुळे मेमरीची मारामारी नाही. सेव्ह पॉइंट लांब-लांब असलेला खेळ खेळायचाच असेल, तर मी डोळे झाकून हँडहेल्ड म्हणेन.

पण गोठलेला खेळ रॅममध्येच असतो, आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. बॅटरी पूर्ण संपली की तो गेला. शिवाय स्विचवर दुसरा खेळ सुरू केलात तर आधीचा बंद करावा लागतो. म्हणून चार्ज वीस टक्क्यांच्या आसपास आला की झोपेवर भरवसा न ठेवता खेळातल्या सेव्ह पॉइंटपर्यंत जा.

विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डचं प्रकरण जरा वेगळं आहे. आसुसचा आरओजी ॲलाय भारतात अधिकृतपणे विकला जातो, त्यामुळे वॉरंटी हवी असलेले बरेच जण तिकडे वळतात. स्टीम डेक आणि स्विच इथे मिळतात ते आयात केलेले, आणि दुरुस्तीची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर. आता अडचण अशी की विंडोजची आधुनिक स्लीप ही पूर्ण झोप नसते. यंत्र अधूनमधून जागं होऊन अपडेट वगैरे बघत असतं. बॅगेत ठेवलेलं मशीन संध्याकाळी बाहेर काढताना गरम लागलं, किंवा सकाळचा सत्तर टक्के चार्ज निम्म्यावर आलेला दिसला, तर कारण बहुधा हेच.

खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका:

```
powercfg /a
powercfg /sleepstudy
powercfg /hibernate on
```

पहिली ओळ कुठल्या प्रकारची झोप उपलब्ध आहे ते सांगते. तिथे `S0 Low Power Idle` दिसलं तर हीच अर्धवट झोप. दुसरी ओळ एक अहवाल तयार करते, त्यात झोपेच्या वेळी किती चार्ज उतरला ते दिसतं. तिसरी हायबरनेट चालू करते. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये `Choose what the power buttons do` इथे पॉवर बटणाला हायबरनेट जोडा. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि यंत्र खरोखर बंद होतं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि एखादा खेळ उठताना बिघडतोही. त्यामुळे बटण दाबण्याआधी सेव्ह केलेलं बरं.

चूक तिसरी: खेळ उतरवला म्हणजे ऑफलाइन चालेल

‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखे खेळ एकटे खेळत असलात तरी सर्व्हरशी जोडलेलेच राहतात. गर्दीच्या वेळी डब्यात नेट असून नसल्यासारखं असतं. असा खेळ हँडहेल्डवर घेऊन प्रश्न सुटत नाही. उलट हॉटस्पॉट लावून फोनची बॅटरी अजून खाल. झोपेचाही इथे फायदा नाही, कारण मशीन उठतं तोवर सर्व्हरने तुम्हाला बाहेर काढलेलं असतं.

ऑफलाइन खेळाचीही एक खोच आहे. फोनवरचे बरेच खेळ स्टोअरमधून छोटे उतरतात आणि पहिल्यांदा उघडल्यावर उरलेला मोठा डेटा मागतात. स्टीम डेकवर नवा खेळ घरच्या वायफायवर एकदा तरी सुरू करून थेट खेळण्यापर्यंत जा, नाहीतर पहिल्या वेळची जुळवाजुळव डब्यात अडकते. ही परीक्षा सोपी आहे: आदल्या रात्री एअरप्लेन मोड लावा, खेळ बंद करून पुन्हा उघडा आणि जुना सेव्ह लोड होतो का बघा.

चूक चौथी: फोनच्या बॅटरीचा हिशेब फक्त खेळापुरता करणं

फोनमध्ये लोकलचा पास आहे, रिक्षाचे पैसे आहेत, घरच्यांचा फोनही त्यावरच येतो. टीसीसमोर बंद पडलेला फोन दाखवून ‘पास यातच आहे’ म्हणालात तर तो विनातिकीट प्रवासच धरला जातो.

ढोबळ हिशेब करू. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. भारी थ्रीडी खेळ पाचेक वॉट ओढत असेल तर तासाला पाव बॅटरी गेली. पनवेलहून सीएसएमटीला जाणारा माणूस एका दिशेने तासाहून जास्त खेळणार, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तेवढंच. जुन्या पद्धतीचा टूडी, टर्न-बेस्ड खेळ याच्या निम्म्यात भागतो. हँडहेल्ड असेल तर फोन वाचतो, पण त्यालाही मर्यादा आहे: पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची, भारी खेळात ती दोन तासांच्या आसपासच पुरते. डेकच्या क्विक मेनूमध्ये `TDP Limit`, म्हणजे चिपने किती वीज ओढायची याची मर्यादा, कमी करून टूडी खेळ चालवलात तर वेळ दुप्पट होऊ शकतो.

चूक पाचवी: बसायला मिळेल हे गृहीत धरणं

स्टीम डेक ओएलईडी ६४० ग्रॅमचा आणि दोन्ही हातांनी धरायचा. ठाण्याहून सकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या फास्टमध्ये एक हात वरच्या कडीला असतो आणि दुसरा पोटाशी धरलेल्या बॅगेवर. तिथे हे मशीन बाहेर काढणं म्हणजे स्वतःला आणि शेजाऱ्याला ताप, आणि दारात तर विचारच नको. स्विच लाइट पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे, पण दोन हात त्यालाही लागतातच. उभ्याने प्रवास असेल तर फोनला पर्याय नाही, आणि त्यातही उभ्या स्क्रीनवर एका अंगठ्याने चालणारा खेळ हवा. ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ची फोन आवृत्ती तशीच आहे. ॲक्शन आरपीजी एका अंगठ्याने खेळायला जाल तर चिडचिडच होईल.

यावर बऱ्याच जणांचा बेत ठरतो: जाताना उभं, म्हणून फोन, येताना बसायला मिळतं, म्हणून हँडहेल्ड, आणि खेळ एकच. इथे पैसे खर्च करण्याआधी थांबा. एकदाच विकत घ्यायचे बहुतेक आरपीजी फोनवरचा सेव्ह कन्सोलवर नेऊ देत नाहीत. पिक्सेल रीमास्टरही फोनवर आणि स्विचवर वेगवेगळा घ्यावा लागतो, आणि प्रगती इकडची तिकडे जात नाही. खात्याशी जोडलेले ऑनलाइन खेळ ती नेऊ देतात, पण त्यांना नेट लागतं. दोन्ही उपकरणं वापरणारच असाल, तर फोनवर एक खेळ आणि हँडहेल्डवर दुसरा ठेवा. आणि फोन बदलताना जुन्या फोनवरून खेळ काढून टाकण्याआधी क्लाउड सेव्ह चालू आहे का ते त्या खेळाच्याच मेनूत बघा. नसेल तर ॲपबरोबर सगळे तास पुसले जातात.