डायरीतला ‘स’: खासगी भाषेचा युक्तिवाद पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

एमएच्या पहिल्या वर्षी विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञावरच्या निबंधात मी लिहिलं होतं, ‘आपली स्मृती चुकू शकते, म्हणून खासगी भाषा शक्य नाही.’ बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘मग रोजची मराठी कशी शक्य आहे? तिलाही स्मृती लागतेच.’ यावर मला उत्तर सुचलं नाही. पुढे मी ट्यूटोरियल घ्यायला लागले तेव्हा दिसलं, की पुष्कळ जण नेमके इथेच अडतात. म्हणून या एकाच जागेबद्दल लिहिते.

आधी विट्गेन्स्टाइनचं ‘अर्थ म्हणजे वापर’ हे सूत्र थोडक्यात. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि समोरचा ‘या’ म्हणतो. हे कधी म्हणायचं आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे ज्याला जमतं, त्याला अर्थ कळला. म्हणताना त्याच्या मनात कुठलं चित्र होतं, हे कोणी विचारत नाही. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ (१९५३) या त्याच्या पुस्तकाच्या ४३व्या परिच्छेदातलं हे सूत्र विट्गेन्स्टाइन ‘पुष्कळ ठिकाणी, पण सगळीकडे नाही’ अशी मर्यादा घालून मांडतो. उत्तर लिहिताना ती मर्यादा गाळू नका.

आता खरी शंका. ‘येतो’चं ठीक आहे, पण ‘दुखतंय’चं काय? दुखणं मला एकटीलाच जाणवतं, तर त्या शब्दाला अर्थ माझ्या आतूनच मिळत असणार ना? २४३व्या परिच्छेदापासून विट्गेन्स्टाइन हीच कल्पना तपासायला घेतो. ‘खासगी’ याचा अर्थ इथे ‘गुप्त’ असा नाही. मोडीत लिहिलेली डायरी खासगी भाषेत नसते. मोडी शिकलं की ती वाचता येते. दुसऱ्याला तत्त्वतःच कळू शकणार नाही, कारण शब्द फक्त बोलणाऱ्यालाच ठाऊक असलेल्या संवेदनेला चिकटवलेले आहेत, अशी भाषा त्याला अभिप्रेत आहे.

२५८व्या परिच्छेदात तो डायरीचं उदाहरण घेतो. सोमवारी मला एक संवेदना झाली. तिचं बाहेर काही लक्षण नाही, तिच्यासाठी शब्द नाही. मी तिच्याकडे लक्ष एकवटलं आणि डायरीत ‘स’ लिहिला. गुरुवारी पुन्हा काहीतरी जाणवलं, पुन्हा ‘स’ लिहिला. हा दुसरा ‘स’ बरोबर आहे का?

मी इथे म्हणायचे, ‘सोमवारचं नीट आठवत नसेल तर चुकेल.’ पण चुकायला आधी बरोबर काय ते ठरलेलं लागतं. सोमवारी नेमकं काय ठरलं? ‘हे’ म्हणजे ‘स’. पण ‘हे’ म्हणजे काय: ठिकाण, तीव्रता, की त्यासोबत आलेली अस्वस्थता? गुरुवारची जाणीव कोणत्या बाबतीत सोमवारसारखी असायला हवी, हे नुसत्या लक्ष एकवटण्याने ठरत नाही. मला जे बरोबर वाटेल तेच बरोबर, अशी स्थिती येते, आणि मग ‘बरोबर’ या शब्दालाच काही काम उरत नाही. म्हणजे प्रश्न स्मृतीच्या आधीचा आहे. लक्षात ठेवण्याजोगा अर्थच सोमवारी तयार झालेला नाही.

‘एक आठवण दुसरीशी ताडून बघू’ म्हणावं, तर २६५व्या परिच्छेदातलं उत्तर मला फार आवडतं: बातमी खरी आहे का हे बघायला त्याच सकाळच्या वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घ्याव्यात, तसं ते होईल.

हे कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि लिहितात, ‘म्हणजे आतली संवेदना नसतेच.’ हेही चूक. २७०व्या परिच्छेदात तोच ‘स’ परत येतो. समजा, ‘स’ जाणवला की रक्तदाबमापकावर दाब वाढलेला दिसतो, असं मला दिसून आलं. आता यंत्राशिवायही मी सांगू शकते, ‘माझा दाब वाढलाय.’ ‘स’ला वापर मिळाला. पण संवेदना आतल्या आत ‘बरोबर ओळखली’ की नाही, याने आता काही फरक पडत नाही. नकार संवेदनेला नाही, ती एकटीनेच शब्दाला अर्थ देते या चित्राला आहे.

वर्गात हे सांगताना मी आपल्याच शब्दांकडे येते. ठणका, कळ, चमक, मुरडा, आग होणं. दाढ धरून बसलेल्या मुलाला आई विचारते, ‘ठणका लागलाय का रे?’ तो मान हलवतो. पुढच्या वेळी कंबरेत एकदम चमक भरली आणि तो ‘ठणका’ म्हणाला, तर आई सांगते, ‘अरे, त्याला चमक म्हणतात. ठणका राहून राहून मारतो.’ दुखतंय त्याचंच, तरी शब्द आईला दुरुस्त करता आला, कारण ‘ठणका’ मूल कुठे हात धरतं, किती वेळ कण्हतं, कधी थांबतं या सगळ्यात गुंतलेला आहे. डायरीतल्या ‘स’ला अशी दुरुस्ती करणारं कोणी नाही, आणि लिहिणारी स्वतःही ती करू शकत नाही.